‘उदंड आयुष्य लाभो’ लिहवत नाही, तेव्हा काय लिहायचं?

प्रश्न: माझी आत्या पुण्यात असते. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. केमो थांबवलीय आणि आता घरीच सांभाळा असं डॉक्टरांनी सांगितलंय. येत्या गुरुवारी तिचा ६४वा वाढदिवस. मी टोरांटोत आहे, इतक्यात येणं जमणार नाही. दरवर्षी ‘उदंड आयुष्य लाभो’ असं लिहून पाठवते, यंदा हात उचलत नाही. ‘लवकर बरी हो’ हे खोटं आहे हे तिलाही कळेल. आजाराचा उल्लेख करू की टाळू? नक्की काय लिहू?

उत्तर:

गेली १७ वर्षं मी पॅलिएटिव्ह केअरच्या घरभेटींच्या टीममध्ये परिचारिका आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशांच्या घरी जायचं, दुखणं, मळमळ, जखमा, झोप यांचं बघायचं आणि घरातल्यांना ते करायला शिकवायचं, असं हे काम. या कामात वाढदिवस पुष्कळ पाहिले. घरच्यांचा आवाज फुटेना म्हणून आलेले मेसेज कधी कधी मीच पलंगाशेजारी उभं राहून वाचून दाखवले आहेत. त्यामुळे कुठल्या वाक्याला माणूस डोळे मिटून घेतो आणि कुठल्या वाक्याला ‘परत वाच’ म्हणतो, हे थोडंफार कळायला लागलंय.

तुमचा हात अडलाय त्याला मनापेक्षा भाषा जास्त जबाबदार आहे. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या सगळ्या शुभेच्छा वर्षांच्या हिशेबात बोलतात. शतायुषी हो, औक्षवंत हो, उदंड आयुष्य लाभो, जीवेत शरदः शतम्. औक्षण या शब्दातलं ‘औक्ष’ म्हणजेसुद्धा आयुष्यच. जिथे नेमकी वर्षंच बोलायची सोय उरलेली नाही, तिथे हा सगळा साठा एकदम निरुपयोगी होतो आणि आपल्याला वाटतं की आपल्याकडे शब्दच नाहीत.

पण हे आशीर्वाद कोण कोणाला देतं ते बघा. ‘औक्षवंत हो’ हे आत्याने भाचीला म्हणायचं. भाचीने आत्याला करायचा तो नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपच्या तयार मजकुरांमुळे आपण लहान माणसंही मोठ्यांना आयुष्य वाटायला लागलो, इतकंच. जुन्या पत्रांत हा घोळ नव्हता. ‘तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘आशीर्वाद असावेत’. मी तुम्हाला तेच करायला सांगेन. आयुष्य देऊ नका, नमस्कार करा आणि आशीर्वाद मागा.

यामागे माझं एक निरीक्षण आहे. माणूस अंथरुणाला खिळला की घरातले सगळे त्याच्यापेक्षा मोठे होतात. बारा वर्षांचा नातूसुद्धा ‘आजी, दोन घास खा, आजी, कूस बदल’ असं सांगत असतो. सगळं प्रेमानेच चाललेलं असतं, पण त्या बाईला दिवसभर कोणी काही मागत नाही. तिने द्यायचं असं काही उरतच नाही. अशा वेळी कोणीतरी वाकून ‘आशीर्वाद दे’ म्हणालं, की ती पुन्हा आत्या होते. तुमच्या कॅनडातल्याच विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी आमच्या क्षेत्रात एक प्रश्न रूढ केला. तुमची चांगली काळजी घेता यावी म्हणून माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं, असा तो प्रश्न. मी तो पहिल्या भेटीत विचारते. उत्तरात आजार जवळजवळ कधीच येत नाही. ‘मी तेवीस वर्षं बालवाडी चालवली’, ‘माझ्या हातच्या कुरडया कधी तुटत नाहीत’, असलं काहीतरी येतं. तुमची शुभेच्छा त्या उत्तराला उद्देशून हवी.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण लिहायच्या आधी एक फोन करायला लागणार आहे. तिला नको, तिची रोजची देखभाल जी व्यक्ती करते तिला. सून, मुलगी, काका, जे कोणी असेल ते. पहिलं विचारायचं ते हे, की आत्याला स्वतःला किती माहीत आहे? तुम्ही गृहीत धरलंय की तिला सगळं ठाऊक आहे. तसं असेलही. पण आपल्याकडे कितीतरी घरांत रोग्याला ‘गाठ आहे, औषधांनी विरघळेल’ इतकंच सांगितलेलं असतं, किंवा आजाराचं नाव सांगितलेलं असतं आणि उपचार थांबवल्याचं सांगितलेलं नसतं. ‘थोडी ताकद आली की पुन्हा केमो सुरू करू’ असं म्हणून ठेवलेलं असतं. एका घरी परगावच्या पुतण्याने वाढदिवसाला ‘काकू, तुम्ही आमच्या मनात कायम राहाल’ असं पाठवलं. काकूंनी ते स्वतःच वाचलं आणि मुलाला विचारलं, ‘मी कुठे चाललेय?’ पुढचे दोन दिवस त्या घरात काय झालं ते मी पाहिलंय. पुतण्याचं चुकलं एवढंच, की त्याने विचारलं नव्हतं. रोग्यापासून लपवून ठेवणं मला स्वतःला पटत नाही आणि मी घरच्यांशी त्याबद्दल बोलतेही, पण ते काम तुमच्या शुभेच्छेने परस्पर होता कामा नये.

दुसरं, ते तिच्यापर्यंत कसं पोचणार? ती स्वतः फोन बघते का, की कोणी वाचून दाखवतं? गुंगी आणणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाला छोट्या अक्षरांवर नजर ठरवणं जड जातं. कोणी वाचून दाखवणार असेल, तर तुम्ही दोघींसाठी लिहिताय हे लक्षात ठेवा. ऐकणारीसाठी आणि वाचणारीसाठी. वाचणारीचा गळा दुसऱ्या ओळीतच दाटला, तर ऐकणारीला आपलं दुःख बाजूला ठेवून तिला सावरावं लागतं. तिसरं, दिवसातली तिची बरी वेळ कुठली? त्याबद्दल पुढे सांगते.

एवढं कळलं की लिहायला बसा. आणि बसलात की एक चूक तुमच्या हातून जवळजवळ नक्की होईल, म्हणून एका खऱ्या मजकुरावरून दाखवते. त्यातल्या माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

सोलापूरकडचे एक मामा. आयुष्यभर एसटीत कंडक्टर. तंबाखू सुटली नाही आणि जबड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर बोलणं गेलं, खाणं नाकातल्या नळीने. दुखणं आवरायला आणि जखमेच्या ड्रेसिंगला आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो. त्यांचा भाचा दुबईत. वाढदिवसाच्या चार दिवस आधी त्याने मामीला मजकूर पाठवला आणि मामीने तो मला दाखवला, ‘सिस्टर, हे वाचून दाखवू का हो?’

‘प्रिय मामा, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. तू खरा फायटर आहेस, या आजारावर मात करशीलच. लहानपणी तू मला एसटीतून फिरवायचास, खाऊ आणायचास, किती प्रेमळ होतास. देव तुला उदंड आयुष्य देवो. काळजी घे, औषधं वेळेवर घे. कसा आहेस ते कळव.’

मुलगा मनाने चांगला. मजकूर मात्र जागोजागी टोचणारा. ‘फायटर’ पासून सुरू करू. लढाई म्हटली की हार आली, आणि उद्या तब्येत ढासळली तर ती त्या माणसाची हार ठरते. ज्याला कूस बदलायला दोन माणसं लागतात त्याला लढायला सांगणं म्हणजे त्याच्या अंगावर आणखी एक काम टाकणं. ‘काळजी घे, औषधं वेळेवर घे’ या पुन्हा सूचनाच. आणि ‘कळव’? बोलता न येणाऱ्या माणसाने कसं कळवायचं? ते सवयीने लिहिलं गेलं होतं, पण मामांना ते सवयीने ऐकू आलं नसतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र मधल्या वाक्यात आहे आणि ती व्याकरणाची आहे. फिरवायचास, आणायचास, होतास. मराठीतला हा ‘-यचास’, ‘-यचीस’ आठवणी सांगायला फार सोयीचा आहे, आणि नेमकं त्याच रूपात आपण शोकसभेत बोलतो. ‘अण्णा सगळ्यांना मदत करायचे.’ हीच वाक्यं जिवंत माणसाच्या समोर ठेवली की त्याला आपला फोटो भिंतीवर दिसायला लागतो. लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्याने लिहिलेलं सगळं खरं आणि प्रेमाचंच असतं. तुमचा मसुदा झाला की फक्त क्रियापदं वाचत जा. ‘यचीस’ आणि ‘होतीस’ लागोपाठ आले की थांबा.

मग आठवणी काढायच्याच नाहीत का? काढायच्या, पण त्या आजपर्यंत आणून सोडायच्या. मी भाच्याशी फोनवर बोलले आणि त्याला एकच विचारलं, मामाचं तुझ्या अंगात काय उतरलंय? आधी तो ‘संस्कार, मेहनत’ असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, हाताने करतोस असं काही सांग. थोडा वेळ गप्प होता, मग हसला. म्हणाला, सिस्टर, मी पाकिटात नोटा लावतो ना, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. बायको चेष्टा करते. आणि गाडी काढताना दोन टकटक. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ती डबल बेल. त्यावरून त्याने जे लिहिलं ते असं:

‘मामा, नमस्कार करतो. आज तुझा वाढदिवस. रोज सकाळी पोराला शाळेत सोडतो. गाडी काढायच्या आधी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करतो, पोरगा मागून ओरडतो, “चला, जाऊ द्या!” त्याला वाटतं जगात सगळ्यांच्याच गाड्या अशा सुटतात. पाकिटात नोटा अजून तुझ्यासारख्याच लावतो, तोंडं एका बाजूला, इथल्या दिरहमचीसुद्धा. तू माझा मामा आहेस याचं मला फार बरं वाटतं. उत्तर देऊ नकोस, मी नुसता थोडा वेळ तुझ्याजवळ बसायला आलोय असं समज. आम्हा तिघांना आशीर्वाद दे.’

यात आजाराचा शब्द नाही आणि आजार लपवलेलाही नाही. ‘उत्तर देऊ नकोस’ या तीन शब्दांत भाच्याला सगळं माहीत आहे हे मामांना कळतं. सगळी क्रियापदं आजची आहेत. करतो, सोडतो, ओरडतो, लावतो. मामा या मजकुरात आजारी माणूस म्हणून येतच नाहीत. दुबईतल्या एका गाडीत रोज सकाळी हजर असलेला माणूस म्हणून येतात. प्रेमाचं म्हणावं असं वाक्य एकच आहे आणि ते साधं आहे. ‘तू जगातला सर्वांत चांगला मामा आहेस’ असं लिहिलं असतं तर ते मगवर छापलेल्या ओळीसारखं वाटलं असतं.

त्या सकाळी ड्रेसिंग झाल्यावर मामीने ते वाचून दाखवलं. नोटांच्या वाक्यापाशी मामांनी हात वर केला, पुन्हा वाच म्हणून. मग उशाची पाटी मागितली आणि तिच्यावर लिहिलं, ‘आणि सुट्टे?’ मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तो प्रश्न भाच्याला पाठवला, त्याने मोटारीतल्या चिल्लरच्या डबीचा फोटो पाठवला. पुढचे काही दिवस त्या घरात सुट्ट्या पैशांवरून बोलणं चालू होतं. दुसऱ्या भाचीचाही एक लांबलचक मेसेज आला होता, पण तो वाचेपर्यंत मामांना झोप लागली. तेही होतं, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

तुमच्या आत्याला मी ओळखत नाही, म्हणून तयार मजकूर देत नाही. दिला तर तो पुन्हा फॉरवर्डच होईल. पण तोच प्रश्न स्वतःला विचारा. तिचं काय तुम्ही अजून हाताने करता? वरणाला वरून तूप-जिऱ्याची फोडणी देता का, पिशवीला अमुक प्रकारेच गाठ मारता का, घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना हे दोनदा बघता का? टोरांटोच्या त्या स्वयंपाकघरात किंवा बसस्टॉपवर गेल्या आठवड्यात तिची आठवण कुठल्या क्षणी झाली? जितकी क्षुल्लक गोष्ट असेल तितकी चांगली. ‘तू मला जगायला शिकवलंस’ हे ऐकून माणूस संकोचतो, ‘मी अजून कोथिंबीर तुझ्यासारखी देठासकट चिरते’ हे ऐकून ‘बरोबरच आहे, चव देठातच असते’ म्हणतो. अशी एक गोष्ट पुरे, फार तर दोन. पाच लिहिल्यात तर यादी होते आणि यादीला पुन्हा निरोपाचा वास येतो.

आजाराचा उल्लेख करायचा का, हे तुम्ही नेमकं विचारलंय. तिला सगळं माहीत असेल आणि तुमच्यात मोकळेपणा असेल, तर एक वाक्य चालतं. ‘हे दिवस तुला जड जाताहेत हे मला कळतं, त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तर कोथिंबिरीबद्दल बोलू.’ हे वाक्य मजकुराच्या मधे ठेवा, सुरुवातीला किंवा शेवटी नको, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं आणि शेवटचं जास्त राहतं. तिला अर्धवट माहीत असेल तर हे वाक्य गाळा, ‘मी आहे’ एवढं ठेवा. देवाधर्माचं घर असेल तर ‘तुझ्यासाठी दिवा लावते’ हेही तिला आवडेल. नसेल तर प्रार्थनेचा उल्लेखही आजाराचाच उल्लेख होतो. ‘तू लवकर बरी हो’ याच्या जागी ‘आजचा दिवस तुला बरा जावो, दुपारी छान झोप लागो’ असं म्हणा. आमच्याकडे यालाच खरी शुभेच्छा म्हणतात. दुपारची सलग दोन तास झोप ही त्या घरात फार मोठी गोष्ट असते.

लेखी पाठवू की आवाज, असं विचारलंत तर मी आवाज म्हणेन. वाचणारीवरचा भार जातो आणि तुमचा आवाज तिच्या खोलीत पोचतो. पण एक मिनिटाच्या आत. लिहिलेला मजकूर साधारण शंभर शब्दांचा ठेवा आणि तो सावकाश वाचा, आपोआप बसतं. आधी दोनदा मोठ्याने वाचून बघा. जिथे तुमचा गळा दाटतो ते वाक्य बदलू नका, फक्त त्याच्या आधी श्वास घ्या. एखाद्या ठिकाणी आवाज हलला तर हलू दे, हुंदका आला तर मात्र पुन्हा रेकॉर्ड करा. मागे कुकरची शिट्टी, मुलांचा आवाज असेल तर उत्तम, स्टुडिओ नको.

व्हिडिओ कॉलचा मोह आवरा, निदान सगळ्या नातलगांना एकत्र घेऊन करायच्या कॉलचा. स्क्रीनवर बारा चौकोन, सगळे एकदम बोलताहेत, कोणीतरी ‘आत्या, हस ना जरा’ म्हणतंय, आणि ती बाई आपला उतरलेला चेहरा तेराव्या चौकोनात बघतेय. मी असे कॉल पाहिलेत. वीस मिनिटांच्या कॉलनंतर माणूस उरलेला दिवस उठत नाही. करायचाच असेल तर तुम्ही एकटीने, पाच मिनिटं, आणि कॅमेरा तिने म्हटलं तरच.

वेळेचं असं. कॅन्सरच्या दुखण्यावर बऱ्याच जणांना मॉर्फिन असतं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो म्हणून ती दर चार तासांनी देतात, आणि घेतल्यावर अर्धा-एक तासाने ती नीट लागू पडते. म्हणजे डोस घेतल्यानंतरचा तासाभराने येणारा काळ सहसा बरा. अंघोळ किंवा अंग पुसणं झाल्यावर लगेच नको, त्यात सगळी ताकद जाते. पण हा आडाखा आहे. कातडीवर चिकटवायचा औषधाचा पॅच किंवा दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या असतील तर हिशेब वेगळा होतो, आणि काहींना संध्याकाळीच तरतरी असते. सांभाळणाऱ्या व्यक्तीला हे घड्याळ पाठ असतं, तिला विचारा आणि तिच्या हातात ध्वनिमुद्रण देऊन ठेवा. ती योग्य वेळी लावेल.

केक मागवू नका. परदेशातून हे एका बोटाने होतं म्हणून सांगते. स्वादुपिंडाच्या आजारात पाचक रस कमी पडतात, लोणी-क्रीमचं पचत नाही, नुसत्या वासानेही मळमळतं. मग केक येतो, चार माणसं भोवती उभी राहतात आणि ‘एवढ्या लांबून पाठवलाय, एक घास तरी घे’ सुरू होतं. निशिगंधाचा मोठा गुच्छही तसाच, बंद खोलीत त्याचा वास नको होतो. काही पाठवायचंच तर त्या दिवशी घरच्यांसाठी दोन वेळचा डबा पाठवा, म्हणजे सांभाळणारी स्वयंपाकघराऐवजी आत्याजवळ बसेल.

औक्षण होणार असेल तर एक गोष्ट मात्र नक्की सांगा. खोलीत ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर असेल तर निरांजन नको, समई नको, उदबत्ती नको. ज्योत ऑक्सिजनपासून निदान तीन मीटर लांब हवी. ‘दोन मिनिटं मशीन बंद करतो’ हा उपाय नाही, कारण ऑक्सिजन कपड्यांत आणि चादरीत मुरलेला असतो आणि काही वेळ तिथेच राहतो. एका घरी निरांजन चेहऱ्याजवळ येता येता मी अक्षरशः ओरडले होते. मग आजींनीच तोडगा काढला. कुंकू लावायचं, अंगठी आणि सुपारीने ओवाळायचं, अक्षता टाकायच्या, आणि निरांजन देवघरात. ओवाळणं तसूभरही कमी झालं नाही.

आणखी दोन शक्यता मनात असू द्या. पहिली, ती मेसेज ऐकून काहीतरी बोलेल. ‘पुढचा वाढदिवस काही मी बघत नाही गं’, असं. त्या वेळी आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘असं बोलू नये, आत्या.’ ते दार लावल्यासारखं होतं. तिला बरेच दिवस कोणीतरी हे ऐकून घ्यायला हवं असेल आणि तुम्ही लांब आहात म्हणूनच कदाचित तिने तुम्हाला निवडलं असेल. ‘सांग, ऐकतेय’ एवढंच म्हणा आणि खरंच ऐका. उत्तर देण्यासारखं बहुधा काही नसतं. ती जे सांगेल ते घरच्यांच्या काळजीबद्दल, एखाद्या दागिन्याबद्दल, अर्धवट राहिलेल्या शिवणाबद्दल असेल.

दुसरी शक्यता, ती त्या दिवशी दिवसभर झोपेत असेल. शेवटच्या आठवड्यांत झोप वाढत जाते. तरी आवाज लावायला सांगा. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही रोग्यांचे मेंदू शेवटच्या तासांतही सुरांमधल्या बदलाची दखल घेत होते असं दिसलं. अर्थ कळतो असं त्यावरून म्हणता येत नाही, पण ऐकू येत नसेल असं धरून चालायचं कारण नाही. आम्ही तर खोलीत शिरताना झोपलेल्या माणसालाही नाव घेऊन हाक मारतो.

म्हणून गुरुवारपर्यंत थांबू नका. आज घरी फोन करा, उद्या लिहा, परवा रेकॉर्ड करून पाठवून ठेवा. आत्याची तिथी काय आहे तेही विचारा. घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असते. ती आधी येत असेल तर एक वाढदिवस तिथीने करा आणि एक तारखेने. गुरुवारी तिच्याकडे सकाळचे अकरा वाजतील तेव्हा तुमच्याकडे उन्हाळी घड्याळाने रात्रीचा दीड वाजलेला असेल. जागत बसायची गरज नाही. फोन मात्र उशाशी ठेवा, आवाज चालू ठेवून.